एकाच खोलीत वाय-फाय का मरतं? राउटर, अँटेना, एक्स्टेंडर आणि मेश यांचा हिशेब

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघर-उलव्यातल्या नव्या टॉवरमधली तक्रार बहुतेक एकाच प्रकारची असते. हॉलमध्ये नेट सुसाट, स्वयंपाकघरात ठीक, आणि आतल्या बेडरूममध्ये, नेमकं जिथे ऑफिसचं टेबल आहे तिथे, मीटिंग अडखळते. लोक आधी प्लॅन वाढवतात. १०० एमबीपीएसचा ३०० करतात. हॉलमधला आकडा वाढतो, बेडरूममध्ये काहीच फरक पडत नाही. मग दुकानातून एक्स्टेंडर येतो, तो त्याच बेडरूमच्या सॉकेटमध्ये लागतो आणि तरीही मीटिंग अडखळतेच.

या घरांच्या भिंती हे त्यामागचं खरं कारण आहे. गेल्या काही वर्षांतले बरेच टॉवर मायवन पद्धतीने बांधलेले आहेत. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून, त्यात सळया बांधून, भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. म्हणजे बेडरूमची आतली भिंतसुद्धा विटेची नसते, ती सळईवाली काँक्रीट असते. नौपाड्यातल्या जुन्या विटेच्या इमारतीत राउटर कुठेही ठेवला तरी चालून जायचं. इथे तसं चालत नाही. भिंत कसली आहे हे ओळखायला सोपी खूण आहे: हातोडीने खिळा जात नसेल आणि हॅमर ड्रिलशिवाय साधी फ्रेमही टांगता येत नसेल, तर ती काँक्रीटचीच समजा.

आधी मोजा

फोनवरच्या रेघांवर विसंबू नका. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. उणे ५० उत्तम. उणे ६७ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ मीटिंग नीट चालते. उणे ७५ च्या पुढे तुटायला लागते आणि उणे ८० ला फोन नुसता जोडलेला दिसतो. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हे आकडे सरळ चालत नाहीत. ३ ने घसरला म्हणजे ताकद निम्मी झाली, १० ने घसरला म्हणजे दहावा हिस्सा उरला.

अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं कोणतंही मोफत ॲप हा आकडा दाखवतं. आयफोनवर ॲपलचंच `AirPort Utility` घ्या आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपखाली `Wi-Fi Scanner` चालू करा. मॅकवर ऑप्शन की दाबून वरच्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की हाच आकडा `RSSI` या नावाने दिसतो. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
netsh wlan show interfaces
```

यात `Signal` टक्क्यांत येतो. टक्क्यांना दोनने भागून त्यातून १०० वजा केले की अंदाजे डीबीएम मिळतात, म्हणजे ६० टक्के म्हणजे साधारण उणे ७०. लोकेशन चालू करा असं सांगितलं तर तेवढ्यापुरतं चालू करा.

मोजताना घरात पाच-सहा जागा ठरवा: राउटरपाशी, सोफ्यावर, पॅसेजच्या तोंडाशी, बेडरूमच्या दारात, पलंगावर आणि टेबलाशी. प्रत्येक ठिकाणी उपकरण अर्धा मिनिट स्थिर ठेवा आणि आकडा कागदावर लिहा. टेबलाशी दार उघडं आणि दार बंद असे दोन्ही आकडे घ्या. राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ या दोन बँडची नावं एकच असतील तर तपासणीपुरती राउटरमध्ये वेगळी करा, नाहीतर फोन कुठला बँड पकडून बसला आहे ते कळत नाही आणि सगळे आकडे एकमेकांत मिसळतात.

दोष वाय-फायचा की बाहेरून येणाऱ्या लाइनचा, हेही याच वेळी बघून घ्या. टेबलाशी बसून राउटरलाच पिंग करा, म्हणजे त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा. राउटरचा पत्ता `ipconfig` मध्ये `Default Gateway` समोर दिसतो. तो `192.168.1.1` असेल तर:

```
ping -n 50 192.168.1.1
```

हॉलमध्ये हे उत्तर साधारण ५ ते १० मिलिसेकंदांच्या आत येतं. टेबलाशी मधूनच २०० दिसत असेल किंवा `Request timed out` येत असेल, तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. टेबलाशीही राउटरचं उत्तर झटपट येतंय आणि तरी वेबसाइट रखडतायत, तर खोल्यांचा प्रश्न नाही, इंटरनेट कंपनीला फोन लावा. या लेखातलं पुढचं काहीही त्यावर चालणार नाही.

एक घर, आकड्यांसकट

कासारवडवलीजवळच्या टॉवरमधलं माझ्या मावसबहिणीचं दोन बेडरूमचं घर घेऊ, कारण ते अगदी ठरावीक नकाशाचं आहे. मुख्य दार, बाजूला विजेचा डीबी बॉक्स, पुढे हॉल, हॉलच्या कोपऱ्यातून आत जाणारा पॅसेज, पॅसेजच्या टोकाला बेडरूम. हॉल आणि त्या बेडरूमच्या मध्ये अटॅच्ड बाथरूम. फायबर दाराजवळच्या डक्टमधून आत येतो, म्हणून कंपनीच्या माणसाने फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिला होता. वाय-फायही त्याच डब्यातून येत होतं.

५ गिगाहर्ट्झवरचे आकडे असे होते: सोफ्यावर उणे ४४, पॅसेजच्या तोंडाशी उणे ५७, बेडरूमच्या दारात उणे ६८, टेबलाशी उणे ७९. दार लावलं की उणे ८३.

आता हे आकडे वाचायचे कसे? हॉल आणि टेबल यांतलं सरळ अंतर फार नाही. पण त्या सरळ रेषेत दोन काँक्रीटच्या भिंती आहेत, टाइल्स आहेत, पाइप आहेत, गिझर आहे आणि बेसिनवरचा आरसा आहे. आरशामागचा धातूचा थर लहरी परतवतो. सळईवाली एक काँक्रीटची भिंत ५ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमधून सहज २० डीबी, म्हणजे डीबीएमच्या आकड्यातले २०, खाऊ शकते, कधी त्याहून जास्त. लाकडी दार त्या मानाने फारच कमी खातं. म्हणजे बेडरूममध्ये जो सिग्नल पोचत होता तो बाथरूम भेदून आलेलाच नव्हता. तो पॅसेजमधून, भिंतींवर आपटत, दारातून आत येत होता. पॅसेजच्या तोंडाशी, दारात आणि टेबलाशी आकडा टप्प्याटप्प्याने पडत गेला, आणि नुसतं दार लावल्यावर आणखी ४ ने पडला, यावरून ते कळतं. सिग्नल भिंतीतून येत असता तर दार उघडं-बंद केल्याने फरक पडला नसता.

या घरात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. मायवनच्या घरात राउटर आणि टेबल यांच्यात सरळ रेघ ओढू नका. माणूस जसा चालत जाईल, तशी रेघ ओढा. राउटर जितका त्या चालण्याच्या वाटेवर, तितका आतला आकडा सुधारतो.

राउटर हलवणं

टीव्ही युनिटचा कप्पा ही राउटरसाठी सर्वांत वाईट जागांपैकी एक आहे. टीव्हीची मागची बाजू म्हणजे धातूचा मोठा पत्रा, समोर लाकडी शटर आणि खाली जमीन. फ्रिजवर, लोखंडी कपाटाशेजारी, डीबी बॉक्सला चिकटून किंवा माशांच्या टाकीमागे ठेवला तरी हेच होतं. पाणी २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच शोषतं. राउटर मोकळ्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असावा.

जागा बदलायचे दोन मार्ग आहेत. फायबरची शिल्लक लांबी असेल तर ओएनटीच हलवता येतो, पण ते कंपनीच्या माणसाकडून करून घ्या. फायबरला काटकोनात घडी चालत नाही, दारात चेपून चालत नाही. हिरव्या टोकाचा कनेक्टर स्वतः काढून त्यात डोळा लावून बघू नका, आतला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक ठरू शकतो. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: ओएनटी आहे तिथेच राहू द्यायचा, त्याच्या लॅन पोर्टमधून कॅट ६ केबल काढून पॅसेजच्या तोंडाशी वेगळा राउटर लावायचा. केबल स्कर्टिंगलगत केसिंग पट्टीतून नेली की दिसतही नाही. भाड्याचं घर असेल तर चपटी कॅट ६ केबल मिळते, ती दाराच्या फटीतून जाते आणि ड्रिल लागत नाही.

मावसबहिणीकडे हेच केलं. हॉलच्या ज्या कोपऱ्यातून पॅसेजमध्ये सरळ दिसतं, त्या भिंतीवर राउटर चढवला. बेडरूमच्या दारातला आकडा उणे ६८ वरून उणे ५५ झाला आणि टेबलाशी उणे ७९ चा उणे ६९. टेबलाशी १० डीबी, म्हणजे दसपट ताकद, आणि त्यासाठी फक्त काही मीटर केबल आणि एक राउटर लागला.

अँटेना कुठे वळवायची

जवळजवळ प्रत्येक घरात अँटेनाचं टोक अडचणीच्या खोलीकडे रोखलेलं दिसतं. ते उलटं आहे. काडीसारख्या अँटेनातून लहरी टोकातून निघत नाहीत, काडीच्या चारी बाजूंनी आडव्या पसरतात. काडीत मेदूवडा अडकवल्यासारखा हा आकार असतो: वडा जिथे आहे तिथे ताकद, काडीच्या दोन्ही टोकांच्या दिशेला जवळपास काही नाही. म्हणून टोक बेडरूमकडे केलं की बेडरूमला सगळ्यात कमी मिळतं.

फ्लॅट एकाच मजल्यावर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. दोन असतील तर एक उभी आणि दुसरी ३० ते ४५ अंश कलती ठेवून बघा. फोन-लॅपटॉपच्या आतल्या अँटेना कशाही बसवलेल्या असतात, त्यामुळे एक कलती असली की लहरींची दिशा कुठल्या तरी अँटेनाशी जुळते. भिंतीवर राउटर टांगला असेल तर अँटेना भिंतीला चिकटून आडव्या पडलेल्या नाहीत ना, तेवढं बघा. रो-हाऊस किंवा ड्युप्लेक्स असेल तर एक अँटेना आडवी केल्याने वरच्या मजल्याला फायदा होतो, कारण मग वडा उभा होतो.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. अँटेना फिरवून २-४ डीबी मिळतात. उणे ६९ वरून उणे ६६ होतं, उणे ८३ वरून उणे ६० होत नाही. आणि अँटेना आत असलेल्या राउटरला फिरवायचं काही नसतं. तो कंपनीने जसा उभा करायला सांगितलाय तसाच उभा करा, आडवा झोपवू नका.

२.४ गिगाहर्ट्झवर का नाही भागत?

२.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त पोचतं, टेबलाशी त्याचा आकडा चांगला दिसेलच. पण टॉवरमध्ये वर-खाली-शेजारी डझनावारी राउटर असतात आणि या बँडवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आकडा उणे ६२ असूनही संध्याकाळी मीटिंग अडखळते ती या गर्दीमुळे. चॅनेल या तिघांतलंच, सगळ्यात कमी गर्दीचं निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. डोअरबेल, बल्ब, प्रिंटर यांच्यासाठी हा बँड पुरतो. मीटिंगसाठी ५ गिगाहर्ट्झच हवा.

एक्स्टेंडर की मेश

एवढं करूनही मावसबहिणीच्या टेबलाशी दार उघडं असताना उणे ६६ आणि दार लावल्यावर उणे ७१ उरलं. मीटिंग दार लावूनच घ्यायची असते, त्यामुळे आणखी काहीतरी हवंच होतं. इथे दुकानदार मेशचा सेट पुढे करतो.

एक्स्टेंडर राउटरचं बोलणं ऐकतो आणि पुन्हा उच्चारतो. ऐकणं आणि बोलणं एकाच बँडवर असेल तर दोन्ही एकदम होत नाही, म्हणून वेग ढोबळमानाने निम्मा होतो. मुख्य राउटरकडून त्याला खऱ्या वापरात २०० एमबीपीएस मिळत असतील तर पुढे १०० च्या आसपास किंवा कमीच निघतील. व्हिडिओ मीटिंगला ४-५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे एका टेबलासाठी हे नुकसान सोसण्यासारखं आहे. खरी गोची जागेची असते. लोक एक्स्टेंडर अडचणीच्या खोलीतच लावतात. तिथे त्याला स्वतःलाच उणे ७९ मिळतो आणि तो तोच फाटका सिग्नल पुढे देतो. फोनवर रेघा मात्र पूर्ण दिसतात, कारण त्या फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या असतात. 'फुल रेंज आहे पण नेट नाही' ही तक्रार इथूनच येते.

एक्स्टेंडरची जागा कागदावरच्या आकड्यांतून शोधा: मुख्य राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा आकडा जिथे उणे ५५ ते उणे ६५ आहे आणि जिथून अडचणीच्या खोलीचं दार दिसतं. बहुतेक घरांत ती जागा पॅसेजमध्ये मिळते. तिथे सॉकेट नसेल तर आधी सॉकेट काढून घ्या, चुकीच्या जागेवर समाधान मानू नका. घेताना दोन्ही बँडचा घ्या. डब्यावर नुसतं ३०० एमबीपीएस लिहिलेला स्वस्तातला बहुधा फक्त २.४ चा असतो आणि वर सांगितलेल्या गर्दीतच अडकतो.

मेशमध्ये दोन-तीन डबे एकाच नावाखाली, एकमेकांशी ताळमेळ ठेवून चालतात. फोनवर बोलत हॉलमधून बेडरूममध्ये गेलात तर जवळच्या डब्याकडे जाण्यासाठी मेश फोनला मदत करतो. साध्या एक्स्टेंडरमध्ये ही मदत सहसा नसते आणि फोन दूरच्या राउटरला चिकटून राहतो. आयफोन साधारण उणे ७० होईपर्यंत दुसरीकडे बघतच नाही. पण मेशच्या डब्यालासुद्धा भिंत भेदता येत नाही. केबल न जोडता तो आतल्या खोलीत ठेवला तर त्याचं दुखणं एक्स्टेंडरचंच असतं, फक्त किंमत कित्येक पट.

म्हणून माझं मत असं: अडचण एकाच खोलीत आणि काम एकाच टेबलावर असेल तर दोन्ही बँडचा एक्स्टेंडर पॅसेजमध्ये पुरतो. दोन-तीन खोल्या अडचणीत असतील, माणसं फिरत बोलत असतील, किंवा ऐरोलीतल्या सिडकोच्या रो-हाऊससारखे दोन मजले असतील, तर मेश घ्या. रो-हाऊसमध्ये दुसरा डबा वरच्या खोलीत न ठेवता जिन्याच्या वळणावर ठेवा, कारण स्लॅबपेक्षा जिन्याच्या मोकळ्या जागेतून सिग्नल सोपा जातो. मेश घेताना प्रत्येक डब्याला गिगाबिट लॅन पोर्ट आहे ना ते बघा, पुढे कधी केबल टाकलीत तर तोच उपयोगी पडेल.

केबल मिळाली तर प्रश्नच बदलतो

मायवनच्या भिंतीत नंतर खोबण मारणं अवघड असतं आणि सोसायटी परवानगीही सहज देत नाही. पण बेडरूममध्ये टीव्हीचा पॉइंट असतो, आणि त्याचा पाइप भिंत ओततानाच आत टाकलेला असतो. डिशची केबल वापरात नसेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून तिच्याच टोकाला कॅट ६ बांधून ओढून घ्या. आधी दोन्ही बाजूंनी जुनी केबल हलते का ते बघायचं. हलत असेल तर काम होतं. अडकलेली असेल तर जोर लावू नका, तुटली तर पाइप कायमचा बंद. विजेच्या वायरींच्या पाइपमधून मात्र ही केबल नेऊ नका.

मावसबहिणीकडे केबल हलली. पॅसेजच्या राउटरकडून बेडरूमच्या टीव्ही पॉइंटपर्यंत कॅट ६ आली आणि कपाटात पडून असलेला जुना दोन बँडचा राउटर तिथे लावला. जुन्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे स्वतःचं वेगळं जाळं न चालवता नुसतं वाय-फाय देणारा मोड, असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर त्याचा पत्ता बदलून `192.168.1.2` सारखा, मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण न वापरलेला करा, त्यातलं उपकरणांना पत्ते वाटणारं `DHCP` बंद करा आणि केबल त्याच्या `WAN` पोर्टमध्ये न घालता `LAN` पोर्टमध्ये घाला. नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच द्या, चॅनेल वेगळं द्या. टेबलाशी आकडा उणे ४३ आला आणि दार लावण्याचा प्रश्नच उरला नाही.

मेश किंवा नवा राउटर ओएनटीला जोडल्यावर एक बिघाड हमखास होतो. टीव्हीवर फोनचं कास्ट जात नाही, प्रिंटर सापडत नाही, कारण घरात दोन राउटर दोन वेगळी जाळी चालवत असतात. काही उपकरणं ओएनटीच्या जाळ्यात, काही नव्या. नव्या सेटला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, किंवा कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडवर करून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून फक्त लाइन पुढे देईल. ओएनटीचं वाय-फाय बंद करा, पण सगळ्यात शेवटी, नवं सगळं चालतंय हे बघून झाल्यावर. नव्या सेटला जुनंच नाव आणि पासवर्ड दिलात तर घरातले बल्ब, टीव्ही, सासूबाईंचा टॅब्लेट सगळं आपोआप परत जोडलं जातं.

मग तोच कागद काढून त्याच जागांवर, दार उघडं आणि बंद, पुन्हा मोजा आणि टेबलाशी पिंग चालवा. विकत घेतलेली वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. दार लावून टेबलाशी उणे ६७ च्या आतला आकडा आणि ५० पैकी ५० उत्तरं मिळाली तर वस्तू ठेवा. आकडा सुधारलाय पण पिंग अजून उडतंय, तर डबा हॉलच्या बाजूला मीटर-दीड मीटर सरकवून पुन्हा बघा.